परत या, पण कशासाठी?

समजा, लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल ऑनलाइन विकणारा एक छोटा व्यवसाय आहे. एक बाई दर दोन महिन्यांनी पाच लिटरचा कॅन मागवायच्या. आता पाच महिने झाले, ऑर्डर नाही. दिवाळीलाच उटणं घेणारा गिऱ्हाईक पाच महिने गप्प राहिला तर त्यात नवल नाही. या बाई मात्र तुटल्यात. गिऱ्हाईक सुटलं की नाही, हे त्याच्या स्वतःच्या खरेदीच्या लयीवरून ठरतं.

अशा वेळी बहुतेक जण ‘तुमची आठवण येते, २० टक्के सूट’ असा ईमेल धाडतात. सवलतीने एखादी ऑर्डर येतेही, पण पुढच्या वेळी गिऱ्हाईक सवलतीचीच वाट पाहत बसतं. त्याआधी जुनी नोंद उघडावी. शेवटच्या ऑर्डरवर तक्रार होती: कॅन गळला. मग विषयाच्या ओळीत एवढंच लिहावं: ‘तेल आता पत्र्याच्या सीलबंद डब्यात’. आत तीन-चार वाक्यं: मागच्या वेळी कॅन गळला, चूक आमची, आता डबा बदललाय, दोन लिटरचाही मिळतो. खाली ऑर्डरचं एकच बटण आणि ‘ईमेल नकोत’ म्हणायची सोय.

ईमेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर फार विसंबू नये. २०२१पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय सुरू असेल, तर न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा दिसू शकतो. ऑर्डरी मोजाव्यात. आणखी एका ईमेललाही उत्तर नाही आलं, तर ते नाव यादीतून काढावं.