"कधी आलात?" विचारा, "कुठं होता?" नको

मागच्या भागानंतर एका मित्राचा मेसेज आला. तो नुकताच वडिलांच्या किराणा दुकानात बसायला लागलाय. विचारतो, "जुनं गिऱ्हाईक पाच-सहा महिन्यांनी परत आलं, की बोलायचं काय? गप्प बसलं तर तुटक वाटतं, जास्त बोललं तर नाटकी." तर आज एवढंच बोलू.

आपलं पाचोड म्हणजे पैठण तालुक्यातलं, संभाजीनगर-बीड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आपल्या भागातून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, कारखान्याच्या फडावर जायचं आणि पट्टा पडला की साधारण मार्च-एप्रिलात गावी परतायचं. म्हणजे चांगलं, रोजचं गिऱ्हाईक पाच महिने दिसत नाही. जाताना वहीत थोडी उधारीही राहिलेली असते. खरी अडचण तिथंच आहे. माणूस दुकानाची पायरी चढतो तेव्हा ती उधारी त्याच्या डोक्यात असते.

समजा, अशा एक अक्का पाडव्याच्या सुमारास दुकानात आल्या. वहीत त्यांचे ६४० रुपये आहेत आणि काउंटरवर आणखी तीन माणसं उभी आहेत. तुम्ही म्हणालात, "काय अक्का, कुठं होता एवढे दिवस? आम्हाला विसरलात वाटतं!" तुम्ही प्रेमानंच म्हणालात, पण त्यांना काय ऐकू आलं? हिशोब द्या. आता चार लोकांसमोर त्यांना कारण सांगावं लागणार. जिवलग मित्राला असा टोमणा चालतो. पण ज्याच्या नावावर उधारी आहे, किंवा ज्याच्या घरी मधल्या काळात आजारपण, मयत झालीय, त्याला तो लागतो.

त्यापेक्षा एवढंच म्हणा, "या अक्का, या! कधी आलात?" या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. "परवाच आलो." बास. न येण्याचा विषयच निघत नाही, आल्याचा निघतो. पुढचं सांगायचं की नाही, हे त्या ठरवतील.

मग म्हणा, "ऊन फार झालंय, पाणी घ्या आधी," आणि हातातल्या गिऱ्हाइकाचं वजन पुरं करा. हा मिनिटभराचा वेळ फार कामाचा असतो. अक्का फळीवर नजर फिरवतात, जरा सैल होतात. बहुतेक वेळा मग स्वतःच बोलतात, "औंदा कारखाना लवकर बंद झाला बघा." आता तुम्ही विचारू शकता. पण "मालक कुठंयत? सासूबाई कशा आहेत?" असं नाव घेऊन पहिल्याच दमात विचारू नका. तुम्हाला पाच महिन्यांतलं काही माहीत नाही. "घरी काय म्हणतात?" एवढं पुरे.

जुनी आठवण ठेवली असेल तर ती मालातून दाखवा. "चहापत्ती तीच देऊ, का दुसरी बघता?" यातला दुसरा अर्धा भाग विसरू नका. यंदा हात आखडता असेल तर त्यांना स्वस्तातली पुडी मागायला वाट राहते. आणि नाव आठवत नसेल तर "चेहरा ओळखीचाय, नाव तेवढं आठवेना" म्हणावं. चुकीचं नाव घेण्यापेक्षा ते बरं.

राहिली वही. पहिल्या दिवशी तुम्ही ती काढायची नाही. दुकान रिकामं झाल्यावर अक्का स्वतःच म्हणाल्या, "मागचं किती निघतंय?" तर वही त्यांच्याकडं फिरवून दाखवा. त्यांनी ३०० दिले तर त्यांच्यासमोर लिहा, "बाकी ३४०." त्यांनी विषय काढलाच नाही, तर दोन-तीन फेऱ्यांनंतर, कुणी नसताना म्हणा, "अक्का, सवडीनं एकदा वही बघून घेऊ." पैसा सोडायचा नाहीच, फक्त स्वागताच्या वाक्यात तो आणायचा नाही.

चुकलं हे कसं ओळखायचं? अक्का पावशेर साखर घेतात, मोजून सुटे पैसे ठेवतात, तुमच्याकडं न बघता निघतात. आणि पुढच्या वेळी पोराला पाठवतात. जास्त लाड केले तरी हेच होतं. सगळ्यांदेखत पोराच्या हातात फुकट बिस्किटपुडा कोंबला, की तो उपकार वाटतो.

निघताना "येते" तर आपल्याकडं सगळेच म्हणतात, त्यावर जाऊ नका. दोन दिवसांनी अक्का स्वतः, पिशवी घेऊन, महिन्याची यादी सांगत आल्या, की समजा जमलं.

तुमच्या दुकानात काय म्हणतात, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!