पॉलिप काढल्यानंतर सहाव्या दिवशी रक्त?



आपल्यातल्या एका काकांची गोष्ट, त्यांच्या परवानगीने. वय ६४. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात अडीच सेंटिमीटरचा पॉलिप सापडला आणि तारेच्या गरम फासाने काढला. हृदयात स्टेंट असल्यामुळे रक्तातल्या गुठळ्या रोखणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली. पाच दिवस काही त्रास नाही. सहाव्या संध्याकाळी शौचाला लाल रक्त!

इतक्या उशिरा का? गरम फासाने कापलेल्या जागी खपली धरते. साधारण पाच ते सात दिवसांनी ती गळते आणि खालची रक्तवाहिनी उघडी पडली तर रक्त येते. दोन आठवड्यांपर्यंत, क्वचित त्यानंतरही, असे होऊ शकते. सगळे पॉलिप धरले तर शंभरात एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी. पण पॉलिप दोन सेंटिमीटरहून मोठा असेल तर शंभरात पाच-सहा जणांना. उजवी बाजू आणि रक्त पातळ करणारी औषधे यांनी धोका वाढतो. वीज न वापरता काढलेल्या छोट्या पॉलिपनंतर मात्र हे फारच दुर्मिळ.

पहिल्या एक-दोन दिवसांत कागदावर रक्ताची पुसट रेघ दिसली आणि थांबली, तर घाबरू नका. आदल्या दिवशी बिटाची कोशिंबीर खाल्ली होती का, तेही आठवा!

काकांचे तसे नव्हते. दोन तासांत तीनदा जावे लागले, प्रत्येक वेळी गुठळ्या, आणि उठताना चक्कर. काकूंनी सरळ ९११ फिरवला, आणि तेच योग्य होते. चक्कर, छातीत धडधड, घाम किंवा सतत वाहणारे रक्त असेल तर स्वतः गाडी चालवत जाऊ नये. गुठळ्या, दोन-तीन चमच्यांहून जास्त रक्त, पुन्हा पुन्हा रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच असेल, तर तब्येत ठीक वाटली तरी रात्रीसुद्धा डॉक्टरांना फोन करून लगेच इमर्जन्सीत जावे. ताप किंवा पोटात वाढती कळ असेल तर रक्त नसतानाही जावे, कारण आतड्याला इजा झालेली असू शकते.

बहुतेकांचे रक्त आपोआप थांबते. काकांचे थांबले नाही. हिमोग्लोबिन उतरले, पुन्हा कोलोनोस्कोपी करून त्या जागी छोट्या क्लिप लावल्या आणि तिसऱ्या दिवशी ते घरी आले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्टेंटची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याने हार्ट अटॅक येऊ शकतो. ती कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. आणि काकांचे आठव्या दिवसाचे मुंबईचे तिकीट होते! मोठा पॉलिप काढला असेल तर दोन आठवडे लांबचा प्रवास ठेवू नका. विमानात क्लिप लावायला कोणी नसते.