दारू सोडल्यानंतरचे चार दिवस आणि तापाची गोळी

वेळापूरच्या वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते. "ताई, ह्यांनी परवापास्नं घ्यायची बंद केलीया. अंग मोडून आलंय, डोकं धरून बसल्यात. डोलो देऊ का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर नुसतं 'द्या' किंवा 'नका देऊ' असं देता येत नाही. लोकांचा समज असा आहे की दारू पोटात असेपर्यंत गोळी घेऊ नये, एकदा उतरली की चालतं. रोज पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा पडतो. त्याच्यासाठी जास्त जोखमीचा काळ दारू उतरल्यानंतरचा, म्हणजे पहिल्या तीन-चार दिवसांचा असतो. नेमकं याच दिवसांत अंग दुखतं, जेवण जात नाही आणि गोळ्या जास्त घेतल्या जातात.

असं का होतं ते समजण्यासाठी पॅरासिटामॉलचं शरीरात काय होतं ते पाहावं लागेल. डोलो, क्रोसिन, कॅल्पॉल ही दुकानातली नावं वेगळी असली तरी आतलं औषध पॅरासिटामॉलच. गोळीचा बराचसा भाग, साधारण ८५ ते ९० टक्के, लिव्हर सरळ मार्गाने निकामी करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. उरलेला थोडा भाग, पाच-दहा टक्के, दुसऱ्या मार्गाने जातो. हा मार्ग एका विशिष्ट एन्झाइमच्या हातात आहे. हे एन्झाइम गोळीचं रूपांतर एका विषारी पदार्थात करतं. निरोगी माणसात त्याने काही बिघडत नाही, कारण लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. तो या विषाला तिथल्या तिथे पकडून निरुपद्रवी करतो. पण हा साठा सुमारे ७० टक्क्यांहून जास्त रिकामा झाला की विष मोकळं राहतं आणि लिव्हरच्या पेशींनाच चिकटून त्यांना मारतं.

आता यात दारू आणून बसवू. दुसऱ्या मार्गावरचं जे एन्झाइम आहे, तेच दारूचाही काही भाग जाळतं. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरवर हे काम वाढतं, म्हणून शरीर त्या एन्झाइमचं प्रमाण वाढवून ठेवतं. दारू रक्तात आहे तोवर ही वाढलेली फौज दारूतच गुंतलेली असते आणि गोळीकडे तिचं फारसं लक्ष जात नाही. दारू बंद केली की फौज मोकळी होते, पण ती लगेच कमी होत नाही, त्याला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत गोळी घेतली तर तिचा नेहमीपेक्षा जास्त भाग विषारी मार्गाला जातो. (यावरून कोणी 'मग पितानाच गोळी घ्यावी' असा अर्थ काढू नये. पिणं कधी ना कधी थांबतं, आणि गोळी तेव्हाही अंगात असू शकते.)

दुसरी बाजू साठ्याची. सततच्या दारूने ग्लुटाथायोन कमी होतं. उपाशी राहिल्यानेही कमी होतं, कारण ते प्रथिनांतल्या घटकांपासून बनतं. दारू सोडल्यावर दोन दिवस उलट्या होणारा, चहा आणि बिस्किटावर राहणारा माणूस डोळ्यासमोर आणा. त्याच्याकडे विष तयार करणारी यंत्रणा वाढलेली आहे आणि विष पकडणारा साठा घटलेला. आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत तिसरी गोष्ट जोडावी लागते. वजन कमी, पंचेचाळीस-पन्नास किलो. दोन गोळ्या ऐंशी किलोच्या माणसाला जेवढ्या होतात, त्याच्या दीडपटीहून जास्त त्याला होतात.

पिण्याचं प्रमाण किती असलं की सावध व्हायचं? अमेरिकेत पॅरासिटामॉलच्या वेष्टनावर असा इशारा असतो की हे औषध घेताना रोज तीन किंवा जास्त ड्रिंक घेतले तर लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते. तिथलं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे १८० मिलीच्या क्वार्टरवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्याचा हिशेब केला तर एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल येतं, म्हणजे चार ड्रिंकहून थोडं जास्तच. 'मी फार घेत नाही, रोज एक क्वार्टर' म्हणणारा माणूस त्या इशाऱ्याच्या पुढे गेलेला असतो. हातभट्टीत किती टक्के असतं याचा तर अंदाजच नाही.

या विषयात एक खटला गाजला होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात राहणारे अँटोनिओ बेनेदी हे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांच्या कार्यालयात काम केलेले गृहस्थ. रात्रीच्या जेवणाबरोबर तीन-चार ग्लास वाइन घ्यायची त्यांची सवय होती. १९९३ च्या फेब्रुवारीत फ्लू झाला म्हणून त्यांनी चार-पाच दिवस पॅरासिटामॉल घेतलं, तेही नेहमीच्याच मात्रेत. त्यानंतर ते बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचले, लिव्हर आणि किडनी दोन्ही निकामी. तातडीने लिव्हर बदलावं लागलं. वेष्टनावर दारूबद्दल इशारा नव्हता म्हणून ज्युरीने कंपनीला ८० लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली आणि अपिलातही तो निकाल टिकला.

मात्र एवढ्या एका गोष्टीवरून गोळीलाच विष ठरवणं चूक होईल. याची उलट बाजूही तपासली गेली आहे. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी दारू सोडायला दाखल झालेल्या दोनशे माणसांपैकी निम्म्यांना दोन दिवस रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दिलं आणि निम्म्यांना नुसती खोटी गोळी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या लिव्हरमध्ये फरक दिसला नाही. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की मोजून, देखरेखीखाली, थोडे दिवस दिलेली गोळी बहुतेकांना सोसते. पण ते दोनच दिवस होते आणि गोळ्या नर्स मोजून देत होती. आपल्या घरात गोळ्या मोजतं कोण?

त्यामुळे आमचा अनुभव असा की खरी गडबड मोजण्यात होते. एक हिशेब मांडून पाहू. पन्नास किलोचा माणूस, सोमवारपासून दारू बंद. डोकं दुखतंय म्हणून बायको सकाळ, दुपार, रात्र ६५० ची एकेक गोळी देते. ते झाले १९५० मिलिग्रॅम. नाक गळतंय म्हणून दुकानदार सर्दीची गोळी देतो, दिवसाला तीन. अशा बऱ्याच गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे आणखी १५००. अंगदुखीवर शेजारी पाकिटातली 'दुखण्याची गोळी' देतो, दोन वेळा. त्या जोडगोळीत ३२५, म्हणजे ६५०. एकूण झाले ४१०० मिलिग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि हा माणूस निरोगी नाही, जेवलेलाही नाही. कोणीही चुकीचं वागलेलं नाही. तिघांनी तीन वेगळी औषधं दिली, अशीच सगळ्यांची समजूत आहे. असं तीन दिवस चाललं तर काय होतं?

पहिल्या दिवशी बहुधा काहीच कळत नाही, किंवा मळमळ आणि उलट्या होतात. त्या दारू सोडल्यानेही होतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. दारू सोडल्यावरचा भ्रमही साधारण याच दिवसांत येतो. घरचे म्हणतात, "दारू सुटताना असंच होतं." किंवा डोळे पिवळे दिसले की काविळीचा झाडपाला द्यायला नेतात. त्यात हाताशी असलेला वेळ निघून जातो. दोन्हींतलं काहीही असलं तरी दवाखानाच गाठायचा, कारण भ्रम आणि झटके दारू सोडल्याचे असले तरी तेही जीवघेणे असतात.

डॉक्टरांना फरक ओळखता येतो. एसजीओटी, एसजीपीटी या रक्त तपासण्यांत नुसत्या दारूच्या सुजेने आकडे सहसा तीनशे-चारशेच्या पुढे जात नाहीत. पॅरासिटामॉलने झालेल्या इजेत ते हजारांत जातात. त्याबरोबर रक्त गोठण्याची तपासणी करतात. औषधही आहे. ॲसिटिलसिस्टीन सलाईनमधून देतात, ते ग्लुटाथायोनचा साठा परत भरतं. एकाच वेळी खूप गोळ्या घेतल्या असतील तर ते आठ तासांच्या आत दिल्यास उत्तम काम करतं. थोड्या थोड्या करून दिवसभर गेलेल्या गोळ्यांत ती वेळ मोजता येत नाही, पण उशिरा दिलेलंही उपयोगी पडतं.

मग त्या बाईला आम्ही काय सांगतो? गोळी द्यायची, पण दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे ६५० च्या तीन किंवा ५०० च्या चार, दोन गोळ्यांत किमान सहा तास, आणि तेही दोन-तीन दिवसांपुरतं. पोटात आधी काही तरी जायला हवं. भाकरी जात नसेल तर डाळीचं पाणी, अंडं, दूध. आधीच कावीळ झालेली असेल किंवा पोटात पाणी असेल तर विचारल्याशिवाय एकही नको. 'मग दुसरी दुखण्याची गोळी देते' असंही नको, कारण आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने पिणाऱ्याच्या पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. बिघडलेल्या लिव्हरमध्ये त्या किडनीवरही येतात. त्यामानाने मोजून दिलेलं पॅरासिटामॉल बरं.

पंचशील घेऊन दारू सोडणारी माणसं आमच्याकडे दर जयंतीला, दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दिसतात. त्यांच्या घरी पहिल्याच आठवड्यात जायचा आमचा प्रयत्न असतो. गेल्यावर पहिल्यांदा आम्ही औषधांचा डबा मागतो. प्रत्येक पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायचं, जिथे पॅरासिटामॉल लिहिलंय तिथे पेनने गोल करायचा. असे गोल दोन पाकिटांवर आले तर एकच पाकीट घरात राहतं. रिकामी पाकिटं फेकायची नाहीत, एका पिशवीत ठेवायची. पंढरपूरला किंवा सोलापूरच्या सिव्हिलला जायची वेळ आली तर ती पिशवी बरोबर न्यायची. माणूस बोलण्याच्या स्थितीत नसला तर किती गोळ्या, किती दिवस, हे डॉक्टरांना त्या पिशवीवरूनच समजतं.