आठ विचारणा, तीन प्रश्नचिन्हे आणि दोन ओळींचे उत्तर

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूर गावातून बावीस जणांचा परिवार यात्रेला निघणार आहे, असे समजू. मध्य प्रदेशातील एक डोंगरी तीर्थ ठरले आहे. धर्मशाळा पायथ्याशी, मंदिरे वर आणि मध्ये काही शे पायऱ्या. घरातल्या आजींचे गुडघे थकलेले आहेत. परिवारातील बहुतेकांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे. धर्मशाळेच्या कार्यालयाला ई-मेल पाठविण्याचे काम घरच्या सुनेकडे आले आणि तिने लिहिले :

“सविनय जय जिनेंद्र. आम्ही बाळापूर येथील २२ जणांनी पौष वद्य चौदसेला दर्शनास येण्याचे योजिले आहे. खोल्या मिळतील का व दर काय असेल? आजींना गुडघ्याचा त्रास असल्याने तळमजल्यावरची खोली मिळाल्यास फार बरे होईल, आणि डोलीचीही व्यवस्था असते असे ऐकून आहोत. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी मिळेल ना? आमच्यापैकी दोघांना उकळलेले पाणी लागते. मिनीबस आतपर्यंत येते की बाहेर उभी करावी लागते? आगाऊ रक्कम पाठवावी लागेल का हेही कळवावे.”

दोन दिवसांनी उत्तर आले : “जय जिनेंद्र. खोल्या उपलब्ध आहेत. भोजनशाळा आहे. अवश्य यावे.”

घरात नाराजी झाली. एवढे सविस्तर लिहूनही कोणी नीट वाचत नाही, असा सूर निघाला. परंतु दोष कार्यालयावर टाकण्यापूर्वी ते पत्र पुन्हा वाचावयास हवे. त्यात विचारणा आठ आहेत : खोल्या, दर, तळमजला, डोली, जेवणाची वेळ, उकळलेले पाणी, बसची जागा आणि आगाऊ रक्कम. प्रश्नचिन्हे मात्र तीनच. तळमजल्याची खोली “मिळाल्यास बरे होईल” ही इच्छा आहे. डोलीविषयी “ऐकून आहोत” ही वार्ता आहे. पाणी “लागते” हे निवेदन आहे. घाईने वाचणाऱ्याची नजर प्रश्न शोधत असते; निवेदनावरून ती पुढे सरकते. आपल्याकडे थेट विचारणे थोडे उद्धट वाटते, म्हणून नम्रतेपोटी मागणी वाक्यात विरघळवून टाकण्याची सवय आहे. समोरासमोरच्या बोलण्यात ती शोभते, कारण तेथे चेहरा पाहून आशय कळतो. पत्रात मात्र तीच नम्रता प्रश्नाला झाकून टाकते.

दुसरे कारण यंत्राचे आहे. कार्यालयातील व्यवस्थापक बहुधा मोबाइलवर ई-मेल वाचतो आणि उत्तराची खूण दाबतो. त्या क्षणी मूळ पत्र दृष्टीआड होते; पुष्कळ ठिकाणी ते तीन टिंबांच्या खुणेमागे मिटून जाते. समोर उरते ती कोरी जागा. त्यानंतर तो जे लिहितो ते स्मरणातून लिहितो, आणि स्मरणात राहतो तो पहिला प्रश्न व एखादा सोपा प्रश्न. वरील उत्तरात नेमके तेच झाले आहे. भोजनशाळा आहे, हे त्याने सांगितले. जेवण किती वाजता, हे सांगावयाचे राहिले.

“सूर्यास्तापूर्वी मिळेल ना?” हा प्रश्नही तपासून पाहण्यासारखा आहे. त्याला “हो” हे उत्तर सहज मिळते आणि त्या “हो”चा उपयोग मात्र होत नाही. जानेवारीत आपल्या वऱ्हाडात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. भोजनशाळा साडेपाचला सुरू होत असेल तरी “हो” खरेच ठरेल. पण त्या अर्ध्या तासात बावीस जणांच्या पंगती उठतील का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून होकार मागण्याऐवजी वेळ मागावी : किती वाजता सुरू, किती वाजता बंद. ज्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात येते, त्याचे उत्तर अर्धवट देता येत नाही.

तिसरी गोष्ट तिथीची, आणि ती सर्वांत धोक्याची. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. मध्य प्रदेशात आणि उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असते, पण वद्य पक्षात ते बदलते. शनिवार दि. १७ जानेवारी २०२६ ही आपली पौष वद्य चतुर्दशी; तिकडच्या पंचांगात तीच माघ कृष्ण चतुर्दशी. तिकडच्या माणसाने “पौष वद्य चौदस” आपल्या पंचांगात पाहिली, तर तो एक महिना आधीच्या चौदसेला खोल्या राखून ठेवील आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल. तिथी श्रद्धेने लिहावी. पण तिच्याबरोबर तारीख, वार आणि सनही लिहावा.

सुनेने दुसरे पत्र लिहावयास घेतले तेव्हा आधी विचारणांची छाटणी केली. बस कोठे उभी करावयाची, हे तेथे पोहोचल्यावर द्वाररक्षकही सांगेल. त्यासाठी पत्रातील जागा कशाला? उकळलेल्या पाण्याचे उत्तर व्यवस्थापकाजवळ नसून भोजनशाळेच्या महाराजांजवळ आहे, म्हणून ते दूरध्वनीवर विचारावयाचे ठरले. ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाला विचारलेला एक प्रश्न साऱ्या पत्राला थांबवून ठेवतो. तो माणूस “चौकशी करून एकदम कळवू” असे मनाशी म्हणतो, पत्र बाजूला ठेवतो, आणि ते राहून जाते. प्रश्न दोन व्यक्तींचे असतील तर पत्रेही दोन असावीत. एकाच व्यक्तीचे असतील तर एक पुरे.

उरले सहा. त्यांचे पत्र असे झाले :

विषय : १६ व १७ जानेवारी २०२६ – बाळापूरचे २२ यात्रेकरू – ६ प्रश्न

महोदय, सविनय जय जिनेंद्र.
आम्ही २२ जण (१५ प्रौढ, ४ वृद्ध, ३ मुले) शुक्रवार दि. १६ जानेवारी २०२६ रोजी दुपारी ४ वाजता पोहोचू व रविवार दि. १८ रोजी सकाळी निघू. मुक्काम दोन रात्रींचा. खालील प्रश्नांची उत्तरे दि. २५ डिसेंबरपर्यंत मिळावीत; त्या दिवशी आम्हाला मिनीबस ठरवावयाची आहे. प्रत्येक प्रश्नाखालीच उत्तर लिहावे. जेवढे आज ठाऊक असेल तेवढे आधी कळविले तरी चालेल.

प्र. १ – या दोन रात्रींसाठी ६ खोल्या मिळतील का? नसल्यास किती मिळतील?
उत्तर :
प्र. २ – एका खोलीचे एका रात्रीचे शुल्क किती?
उत्तर :
प्र. ३ – तळमजल्यावर किती खोल्या मिळतील? आम्हाला २ हव्या आहेत.
उत्तर :
प्र. ४ – सायंकाळचे जेवण किती वाजता सुरू व किती वाजता बंद होते?
उत्तर :
प्र. ५ – शनिवार दि. १७ रोजी सकाळी २ डोल्या हव्या आहेत. त्या (क) कार्यालय ठरवून देते, की (ख) आम्ही डोलीवाल्यांशी बोलावयाचे?
उत्तर :
प्र. ६ – आगाऊ रक्कम किती व कोणत्या तारखेपर्यंत पाठवावी?
उत्तर :

येथे काही बारकावे आहेत. खोल्यांचा प्रश्न पहिला आहे, कारण त्याला नकार आला तर बाकीचे पाच निरर्थक होतात. “उत्तर :” ही रिकामी ओळ दिसायला क्षुल्लक आहे. पण कोरी राहिलेली ओळ लिहिणाऱ्याच्याच डोळ्यांत खुपते. पाचव्या प्रश्नात दोन पर्याय आहेत. “कार्यालय देते की आम्ही बोलायचे?” याला मोबाइलवरून नुसते “हो” असे उत्तर येण्याचे प्रसंग कमी नाहीत, (क) आणि (ख) दिल्याने एका अक्षरातही नेमके उत्तर देता येते.

क्रमांक हाताने टंकलेले असावेत. ई-मेलमधील आपोआप उमटणारी क्रमांकयादी वापरली, तर उत्तर देणारा प्रश्नाखाली ओळ सोडताच तेथे नवा क्रमांक उमटतो आणि पुढचे सारे आकडे सरकतात. मग त्याचे “४” आणि आपले “४” वेगळे ठरतात. “प्र. ४” असे साधे लिहिलेले असले की ते हलत नाही, आणि ज्याला प्रश्नाखाली लिहिणे जमत नाही तो कोऱ्या जागेत “४ – पाच ते पावणेसहा” एवढे लिहूनही मोकळा होतो.

सहाच्या पलीकडे मात्र सावध असावे. लांब पत्र सुटे करण्याची गरज शासनालाही भासलेली आहे : महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ साली दुरुस्ती होऊन अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा, असे ठरले. त्या मर्यादेवर नागरिकांनी टीका केली आणि ती अनाठायी नव्हती. पण घरगुती पत्रव्यवहारात एक पत्र, एक विषय ही शिस्त सोयीची आहे. याच पत्रात जाता जाता पुढील वर्षीच्या विधानाविषयी विचारले असते, तर बहुधा त्याचेच लांब उत्तर आले असते आणि डोली राहिली असती.

“उत्तर न आल्यास आम्ही होकार समजू” हे वाक्य काहींना चतुराईचे वाटते. जेथे चुकीची किंमत आपल्यालाच थोडी मोजावी लागेल तेथेच ते लिहावे. चार वृद्धांना घेऊन दुपारी दारात उभे राहिल्यावर असा गृहीत होकार कामाला येत नाही.

एवढे करूनही सर्व उत्तरे येतीलच असे नाही. समजा पाच आली : खोल्या सहा, शुल्क कळले, तळमजल्यावर एकच खोली, जेवण पाच ते पावणेसहा, आगाऊ रक्कम व तिची तारीख. पाचवा प्रश्न कोरा. अशा वेळी सारे पत्र पुन्हा पाठविणे ही चूक ठरते, कारण सोडविलेले प्रश्न पुन्हा समोर आले की वाचणारा गोंधळतो, नाहीतर दुखावतो. आलेली उत्तरे एका वाक्यात मान्य करावीत आणि राहिलेला प्रश्न जुन्याच क्रमांकाने एकटा विचारावा : “पाच उत्तरे मिळाली, आभार. तळमजल्याच्या एका खोलीत चारही वृद्ध राहतील. तेथे जादा गाद्या कृपया द्याव्यात. फक्त प्र. ५ राहिला आहे : दि. १७ च्या २ डोल्या – (क) की (ख)?”

याला एका अक्षराचे उत्तर आले : “ख.” त्याखाली डोलीवाल्यांच्या मुकादमाचा क्रमांक होता. सुनेने त्याच दुपारी त्याला दूरध्वनी लावला.