फोटोतला सहा की शून्य?

मार्चअखेर झाली की छोट्या कारखान्याचा मालक मोबाइलवर मालमत्ता रजिस्टरचा फोटो काढतो आणि सीएला पाठवून देतो. पान वाकलेलं, त्यावर ट्यूबलाइटची चकाकी. यंत्रांच्या ओळीत सुरुवातीची घसारावजा किंमत ३,४०,८०० दिसते.

अनुभवी लेखनिक हा आकडा लगेच उतरवून घेत नाही. तो आधी घसाऱ्याच्या रकान्याकडे वळतो. तिथे ५२,०२० स्पष्ट दिसतात आणि दर आहे १५ टक्के, म्हणजे प्राप्तिकरात सर्वसाधारण यंत्रांना लागणारा. ३,४०,८०० चे १५ टक्के होतात ५१,१२०. नऊशेचा फरक! मग तो उलटा हिशेब करतो: ५२,०२० भागिले ०.१५, उत्तर ३,४६,८००. चकाकीत सहाचं शेपूट पुसलं गेलं होतं.

दर जुळला नाही म्हणजे चूकच, असंही नाही. डिसेंबरमध्ये घेतलेल्या ८०,००० च्या यंत्रावर ६,००० च घसारा दिसतो, कारण त्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी असल्याने निम्मा दर लागतो. पण रकान्यात १८.१० दिसलं, तर फोटो बहुधा कंपनी कायद्याच्या रजिस्टरचा आहे. तो प्राप्तिकराच्या हिशेबाला चालत नाही.

अर्थात रजिस्टरच चुकीचं लिहिलेलं असेल, तर हा गुणाकार-भागाकार ते पकडत नाही. त्यासाठी गेल्या वर्षीच्या विवरणपत्रातली अखेरची किंमतच मागवावी लागते.