एकाच फिल्मच्या जोरावर

असिस्टंट ॲनिमेटरच्या जागेसाठी अर्ज करताना पत्राची सुरुवात ‘लहानपणापासून कार्टूनची आवड’ अशी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. सुपरवायझरला वेगळंच हवं असतं: दुसऱ्याने आखलेली हालचाल हा उमेदवार न बिघडवता पुरी करील का? टूडी स्टुडिओत या जागेचं मुख्य काम तेच. मुख्य ॲनिमेटर महत्त्वाच्या पोझ काढतो आणि कडेला टायमिंग चार्ट आखून देतो. असिस्टंटने रेषा साफ करायच्या, मधली चित्रं भरायची, आणि पात्राचं नाक दर चित्रात तेवढंच राहील हे पाहायचं.

गाठीला एकच फिल्म असली तरी ती पूर्ण आहे, हे मोठं भांडवल. दीड मिनिटाच्या फिल्मला सेकंदाला २४ प्रमाणे २,१६० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी चित्रं हजारावर जातात. पात्र स्तब्ध असेल तिथे तेवढी सूट. पण पत्रात हा हिशेब मांडण्यापेक्षा एक शॉट उलगडावा. पत्र बहुधा इंग्रजीत जाईल, मजकूर मात्र साधारण असा हवा:

‘स्टोरीबोर्ड आणि सगळं ॲनिमेशन माझं, संगीत मित्राचं. बेचाळिसाव्या सेकंदाला आजी भरलेला हंडा उचलते. आधी तो रिकामा वाटत होता. मग उचलण्यापूर्वी ती गुडघ्यांत वाकते ती चित्रं वाढवली, आणि हंडा सुटताना पहिली काही चित्रं अगदी जवळजवळ ठेवली.’

एवढ्यावरून वाचणाऱ्याला कळतं, की या उमेदवाराला वजन दिसतं आणि स्वतःची चूकही दिसते. दुसऱ्याचं श्रेयही त्याने लपवलेलं नाही. थ्रीडी फिल्ममध्ये फुकट मिळालेलं रिग वापरलं असेल तर तेही असंच सांगून टाकावं. अनुभवी डोळ्याला ते ओळखू येतंच.

‘पाइपलाइन शिकायची उत्सुकता आहे’ हे वाक्य एकटं फार पोकळ. एकट्याने काम करताना गाडी कुठे अडली ते लिहिलं, की त्यात जीव येतो: ‘फाइलींना final, final2 अशी नावं दिली, जुन्याच आवृत्तीत रंग भरले आणि तीन शॉट पुन्हा रंगवावे लागले.’ स्टुडिओत अशा फाइलीचं नाव sc02_sh040_anim_v003 या धर्तीचं असतं: दुसरा सीन, चाळीस क्रमांकाचा शॉट, ॲनिमेशन विभाग, तिसरी आवृत्ती. पद्धत प्रत्येक ठिकाणी थोडी निराळी, म्हणून ‘मला पाइपलाइन येते’ असा दावा नवख्याने करूच नये. शॉट पुढच्या विभागाकडे कसा सोपवतात आणि रीटेकच्या सूचना कशा नोंदवतात, हे शिकायचंय असं नेमकं लिहावं.

पत्र एका पानात संपावं. फिल्मची लिंक वरच्या चार ओळींतच द्यावी, आणि पाठवण्यापूर्वी दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता, ती उघडते का ते पाहावं.