साठ स्लाइड आणि गोदामातला माल

एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे विक्री विभागात रिव्ह्यूचा आठवडा. मार्चअखेरची धावपळ संपलेली असते, शाखाशाखांतून आलेल्या स्लाइड एकत्र होतात आणि साठ स्लाइडचा डेक तयार होतो. मग वरून निरोप येतो, “साहेबांना वेळ नाही, एका पानात द्या.” बहुतेक जण दहा महत्त्वाच्या स्लाइड निवडतात, प्रत्येकीचं एकेक वाक्य करतात, अक्षर बारीक करतात आणि पान भरून टाकतात. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच करत होतो. अशा पानात आकडे सगळे असतात, पण ते एकमेकांशेजारी ठेवल्यावर काय दिसतं, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

पंखे बनवणाऱ्या एका कंपनीची जानेवारी ते मार्च ही तिमाही घेऊ. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे मी बेतलेले आहेत, प्रकार मात्र नेहमीचा आहे. तिसऱ्या स्लाइडवर ठळक अक्षरात लिहिलंय: टार्गेट १२० कोटी, विक्री १२६ कोटी. गेल्या वर्षी याच तिमाहीत ती ११२ कोटी होती, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. ही झाली ‘प्रायमरी’, कंपनीने वितरकाला केलेली विक्री. वितरकाकडून दुकानदाराकडे गेलेला माल म्हणजे ‘सेकंडरी’. तिचा आकडा थेट एक्केचाळिसाव्या स्लाइडवर येतो: ९८ कोटी, गेल्या वर्षी ९६. वाढ जेमतेम दोन टक्के. आणि बावन्नाव्या स्लाइडवर वसुलीवाल्यांचा तक्ता सांगतो की वितरकांकडून पैसे यायला पूर्वी सरासरी ३८ दिवस लागायचे, आता ५१ लागतात.

तिन्ही स्लाइड खऱ्या आहेत. पण त्या तीन वेगळ्या माणसांनी केल्या आणि प्रत्येकाने आपापला आकडा पाहिला. बैठकीत तिसऱ्या स्लाइडला टाळ्या पडतात. एक्केचाळिसावी लागेपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते.

एका पानाचं खरं काम इथे सुरू होतं, आणि ते लिहिण्याचं नसून बेरीज-वजाबाकीचं आहे. १ जानेवारीला वितरकांच्या गोदामांत ४२ कोटींचा माल होता. त्यात १२६ कोटींचा आला, ९८ कोटींचा गेला. ३१ मार्चला ७० कोटींचा उरला. गेल्या वर्षी सुरुवात ४० कोटींपासून होती, त्यात ११२ आले, ९६ गेले आणि ५६ उरले. मार्चअखेर गोदाम भरलेलं असणं पंख्यांच्या धंद्यात वावगं नाही, पुढे उन्हाळ्याचा सीझन असतो. म्हणून नुसता शिल्लक माल पाहून बोंब मारणं चूक ठरेल. तो किती दिवस पुरेल ते काढायचं आणि गेल्या मार्चशी ताडून पाहायचं. दिवसाला सुमारे १ कोटी ९ लाखांचा माल दुकानात जातो, त्या वेगाने ७० कोटी म्हणजे ६४ दिवस. गेल्या वर्षी हेच उत्तर ५२ होतं. बारा दिवसांचा, म्हणजे साधारण १३ कोटींचा माल जास्तीचा आहे. तो विकलेला नाही, फक्त आपल्या गोदामातून वितरकाच्या गोदामात हलवलेला आहे. धंद्यातले लोक याला ‘माल भरणं’ म्हणतात.

ही वजाबाकी पहिल्याच फटक्यात क्वचित जुळते. एका स्लाइडवर विक्री जीएसटीसह असते, दुसरीवर जीएसटीविना. एकीत परत आलेला माल वजा केलेला असतो, दुसरीत नसतो. सेकंडरी कंपनीच्या दराने मोजली की वितरकाच्या विक्रीदराने, यावर तर कित्येक कोटींचा फरक पडतो. आकडे जुळेपर्यंत पानाचा एक शब्दही लिहू नये असं माझं ठाम मत आहे. अर्धा दिवस यातच जातो आणि तो जाऊ द्यावा.

जुळल्यावर कारण शोधायचं. आपल्या उदाहरणात ते तारखांत सापडतं: १२६ कोटींपैकी २९ कोटींची बिलं मार्चच्या शेवटच्या पाच दिवसांत फाडलेली आहेत. वितरकांसाठीची स्लॅब स्कीम ३१ तारखेला संपत होती आणि शाखांचा इन्सेंटिव्ह प्रायमरीवर मोजला जात होता. जास्तीच्या मालातला मोठा वाटा नागपूर आणि इंदूर या दोन शाखांचा आहे. कंपनीची एकच सरासरी दिली असती तर ही गोष्ट झाकली गेली असती.

आता पान. पहिल्या मसुद्यात सुरुवात अशी होती: “तिमाहीत विक्रीची कामगिरी समाधानकारक राहिली असून काही बाजारपेठांत साठ्यावर लक्ष ठेवण्याची गरज आहे.” हे वाचून कुणी काही करणार नाही. ते खोडून असं लिहिलं: “टार्गेट १०५ टक्के पूर्ण झालं, पण त्यातला सुमारे १३ कोटींचा माल दुकानात न जाता वितरकांकडे पडून आहे. एप्रिल ते जून या तिमाहीच्या बिलिंगला तेवढाच फटका बसू शकतो.” त्याखाली प्रायमरी, सेकंडरी, शिल्लक दिवस आणि येण्याचे दिवस, या चारच ओळींचा तक्ता, गेल्या वर्षाच्या आकड्यांसह. मग तीन वाक्यांत कारण. मग काय ठरवायचं ते: ज्या वितरकांकडे ६० दिवसांपेक्षा जास्त माल आहे त्यांचं एप्रिलचं बिलिंग थांबवायचं का, आणि पुढच्या तिमाहीचा इन्सेंटिव्ह सेकंडरीवर न्यायचा का. निर्णय कुणी द्यायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही तिथेच.

शेवटची ओळ लोक गाळतात, ती मी आग्रहाने ठेवतो: “सेकंडरीचे आकडे २६० पैकी २१२ वितरकांचे प्रत्यक्ष, बाकीच्यांचे अंदाजे.” वितरक बिलं उशिरा चढवतात, कधी महिन्याची सगळी एकाच दिवशी. आपल्या आकड्याचा पाया किती पक्का आहे हे वरिष्ठांना कळलंच पाहिजे.

मथळा धीर देणारा आणि खरी गोष्ट तळाशी, याची किंमत किती मोठी असू शकते ते २००३ साली कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातानंतर जगाने पाहिलं. उड्डाणात यानावर आदळलेला फोमचा तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा ६४० पट मोठा असल्याचं अभियंत्यांच्या स्लाइडवर लिहिलेलं होतं, पण अगदी तळाशी. चौकशी समितीने या मांडणीवर आपल्या अहवालात स्पष्ट बोट ठेवलं.

पान झालं की शाखाप्रमुखांचा फोन येतो, “माझी स्लाइड कुठे गेली?” प्रश्न रास्त आहे, त्यांनी आठवडाभर राबून ती केलेली असते. म्हणून पानावरच्या प्रत्येक आकड्यापुढे स्लाइडचा क्रमांक लिहावा आणि डेक जोडपत्र म्हणून पाठवावा. नागपूर-इंदूरच्या प्रमुखांना मात्र पान वर जाण्याआधी दाखवावं. कधी कधी त्यांच्याकडे सरकारी ऑर्डरसारखं खरं कारण असतं आणि निष्कर्ष बदलावा लागतो.

मग ते विक्रीशी संबंध नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हातात द्या. दोन मिनिटांनी पालथं घाला आणि विचारा, “साहेबांनी काय ठरवायचंय?” उत्तरात बिलिंग आणि इन्सेंटिव्ह आले तर पान पाठवा. नुसतं “विक्री चांगली झाली” असं आलं तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. आणि जुलैत पुढचा डेक हाती येईल तेव्हा तिसरी स्लाइड बाजूला ठेवून वितरकांच्या शिल्लक मालाची स्लाइड आधी काढा.